बिलाची ओळ उजवीकडून वाचावी

मे अखेर ते जुलै या दिवसांत अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कृषी सेवा केंद्रांतून जी बिलं निघतात, ती हिशेबाच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत अवघड बिलं असतात. रकमा मोठ्या असतात म्हणून ती अवघड नाहीत. एकाच कागदावर कपाशीचं बियाणं, खताच्या बॅगा आणि कीटकनाशकाच्या बाटल्या एकाखाली एक येतात आणि या तिन्हींचा जीएसटी वेगवेगळा असतो, ही खरी अडचण. पेरणीचं बियाणं करमुक्त आहे. खतावर 1 जुलै 2017 पासून 5 टक्के आहे. ते आधी 12 टक्के ठरलं होतं आणि जीएसटी लागू होण्याच्या आदल्या दिवशी खाली आणलं गेलं. रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के आहे. अशी टाइप केलेली बिलं शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा कर सल्लागाराच्या टेबलावर येतात, तेव्हा प्रत्येक ओळीची पाच खणांत फोड करावी लागते: वस्तू, नग, दर, कराचा टक्का आणि ओळीची एकूण रक्कम. बहुतेक ठिकाणी पहिले चार खण भरतात आणि पाचव्यात सूत्र टाकून मोकळे होतात. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. पाचवा खण बिलावरून जसाच्या तसा उतरवायचा आणि उरलेल्या चार खणांचा अर्थ त्याला साक्षीला ठेवून लावायचा. ओळ वाचायला सुरुवातही त्याच टोकाकडून करायची.

डावीकडून वाचलं तर काय होतं ते आधी पाहू. किराणा मालाच्या बिलात ‘साखर 5 किलो’ असं असतं. पहिला आकडा आला की नग सुरू झाले असं समजायला हरकत नसते. शेतीच्या निविष्ठांत ही सोय नाही, कारण इथे आकडे वस्तूच्या नावातच भरलेले आहेत. सोयाबीनचं वाण जेएस 335, तुरीचं बीडीएन 711, खत 10:26:26, विद्राव्य खत 0:52:34, कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल. शिवाय बॅग 45 किलोची की 50 किलोची, बाटली 250 मिलीची की 500 ची, हेही नावालाच चिकटून येतं. काही दुकानदार नावापुढे लॉट नंबरही टाइप करतात आणि ते योग्यच आहे. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात तोच एक पुरावा असतो. म्हणजे चार आकडे शोधायला गेलं की एका ओळीत सात-आठ सापडतात आणि त्यातले निम्मे नावाचे असतात. जागा सोडली तिथे ओळ तोडणारी स्प्रेडशीटची सोय इथे फसते, कारण एका नावात दोन शब्द तर दुसऱ्या नावात सहा. त्याहून वाईट म्हणजे 10:26:26 हे स्प्रेडशीटला सकाळचे दहा वाजून सव्वीस मिनिटं आणि सव्वीस सेकंद वाटतात. खताचं नाव जाऊन आत 0.435 असा अपूर्णांक बसतो. 19:19:19 चे संध्याकाळचे सव्वासात होतात. नंतर रकान्याची मांडणी बदलून ‘मजकूर’ केली तरी नाव परत येत नाही, अपूर्णांकच दिसतो. म्हणून वस्तूचा रकाना चिकटवण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा लागतो. ही खबरदारी पाच सेकंदांची आहे. न घेतल्यास कुठल्या बॅगा आल्या हे शोधायला पुन्हा बिलांची फाइल उपसावी लागते.

आता एक बिल घेऊ. जून 2025 मधलं समजा, म्हणजे तेव्हाचे कराचे दर लागू होतील. कपाशीच्या बीजी-2 पाकिटाचा 901 रुपये हा त्या हंगामाचा केंद्राने ठरवलेला कमाल दर आहे आणि युरियाच्या 45 किलोच्या बॅगेचे 266.50 हेही सरकारी दरच आहेत. बाकीच्या रकमा उदाहरणापुरत्या आहेत.

```
कपाशी बियाणे बीजी-2 475 ग्रॅम 6 पाकीट 901 0% 5406
10:26:26 50 किलो 4 बॅग 1400 5% 5880
युरिया 45 किलो 5 बॅग 266.50 5% 1332.50
इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल 250 मिली 2 नग 340 18% 802.40
निंबोळी अर्क 10000 पीपीएम 1 लिटर 1 नग 450 12% 504
```

चौथी ओळ उजवीकडून वाचा. टोकाला 802.40, ही ओळीची रक्कम. त्याच्या अलीकडे टक्क्याचं चिन्ह असलेला आकडा, तो कर. त्याच्या अलीकडचा आकडा 340, तो दर. त्याच्याही अलीकडे ‘नग’ हा शब्द आणि त्याला लागून 2. इथे थांबायचं. त्याच्या डावीकडे जे काही उरलं, म्हणजे 17.8, एसएल, 250, मिली, ते सगळं एकत्र वस्तूचं नाव. नावात किती आकडे आहेत याची फिकीर करायचं कारणच राहत नाही. ओळीच्या उजव्या बाजूला चारच गोष्टी असतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने येतात. गोंधळ जो आहे तो डाव्या बाजूला आहे. हाताने नोंद करणाऱ्यालाही हा क्रम सोयीचा पडतो आणि कुणी संगणकाला ओळी तोडायला लावत असेल तर त्यालाही नियम शेवटच्या टोकाला बांधूनच लिहावा लागतो. फक्त ‘पाकीट’, ‘बॅग’, ‘नग’ यांसारखे शब्द त्या दुकानाच्या सवयीप्रमाणे आधी गोळा करून ठेवावे लागतात. ‘ग्रॅम’ आणि ‘मिली’ बहुधा आकारमान सांगतात, ‘बॅग’ आणि ‘नग’ बहुधा संख्या सांगतात. ‘किलो’ आणि ‘लिटर’ मात्र दोन्हीकडे जातात. त्यांच्याकडे पुढे यावंच लागणार आहे.

ओळ तोडून झाली म्हणजे काम झालं असं नाही. कुठला आकडा कुठल्या खणात टाकला एवढंच झालं; तो तिथलाच आहे हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवण्यासाठी एक साधा भागाकार पुरतो: ओळीची रक्कम भागिले नग गुणिले दर. नग दुसऱ्या रकान्यात, दर तिसऱ्यात, कर चौथ्यात आणि रक्कम पाचव्यात असेल, तर शेजारी सहाव्या खणात हे लिहायचं.

```
=E2/(B2*C2)
```

जून 2025 च्या बिलात याचं उत्तर 1, 1.05, 1.12, 1.18 किंवा फार तर 1.28 यांपैकीच यायला हवं, कारण आपल्या रोजच्या मालाला लागणारे कराचे टप्पे तेवढेच होते. 5880 ला 4 गुणिले 1400 ने भागलं की 1.05 येतो, कराचा खण 5 म्हणतो, दोघांचं जमलं. 802.40 ला 680 ने भागलं की 1.18. पण युरियाच्या ओळीत 1332.50 ला 5 गुणिले 266.50 ने भागलं की बरोबर 1 येतो आणि कराचा खण म्हणतो 5. काहीतरी खटकलं. खटकायचं कारण असं की 266.50 हा कर धरूनच ठरलेला छापील दर आहे. दुकानदाराने टक्का माहितीसाठी लिहिला, वरून लावला नाही. दुसऱ्या ओळीतल्या 1400 मध्ये कर नाही, तिसऱ्या ओळीतल्या 266.50 मध्ये कर आहे, आणि दोन्ही एकाच रकान्यात एकाखाली एक बसले आहेत. पाचव्या खणात सूत्र टाकणाऱ्याच्या हातून इथे युरियावर पुन्हा 5 टक्के चढतात. त्याच्या तक्त्यात ही ओळ 1399.13 होते, 66 रुपये 63 पैसे जास्त, आणि तक्ता दिसायला एकदम नीटनेटका असतो. रक्कम उतरवून घेणाऱ्याला मात्र भागाकारातला तो 1 लगेच दिसतो.

मग दराच्या रकान्यात काय लिहायचं? माझ्या मते सगळ्या ओळींत कर वगळलेलाच दर असावा, नाहीतर खालची बेरीज निरर्थक होते. म्हणून 266.50 ला 1.05 ने भागून 253.81 लिहावा आणि शेरा म्हणून ‘छापील 266.50, करासह’ अशी नोंद ठेवावी. तक्त्यातला हा एकच आकडा आपण काढलेला आहे. तो काढता आला, कारण शेवटची रक्कम आपण हलवलेली नव्हती.

```
वस्तू | नग | दर | कर% | ओळीची रक्कम
कपाशी बियाणे बीजी-2 475 ग्रॅम | 6 | 901.00 | 0 | 5406.00
10:26:26 50 किलो | 4 | 1400.00 | 5 | 5880.00
युरिया 45 किलो | 5 | 253.81 | 5 | 1332.50
इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल 250 मिली | 2 | 340.00 | 18 | 802.40
निंबोळी अर्क 10000 पीपीएम 1 लिटर | 1 | 450.00 | 12 | 504.00
```

कराच्या खणाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली नेहमीची. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीत केंद्राचा आणि राज्याचा कर अर्धा-अर्धा छापतात, म्हणजे खताच्या ओळीत 2.5 आणि 2.5. मध्य प्रदेशच्या पुरवठादाराचं बिल आलं की एकच आयजीएसटी 5 असतो; अमरावती जिल्ह्याला तर ती हद्द लागूनच आहे. घाईत पहिल्या प्रकारच्या बिलातला एकच 2.5 उचलला जातो. असं झालं की भागाकार 1.05 सांगतो आणि खणात 2.5 असतो; चूक लपत नाही. दुसरी गोष्ट 22 सप्टेंबर 2025 पासूनची आहे. त्या दिवशी कराचे दर बदलले. निंबोळीपासून बनवलेलं कीटकनाशक, ट्रायकोडर्मा, सूक्ष्म अन्नद्रव्यं हे 12 वरून 5 वर आले. रासायनिक कीटकनाशक 18 वरच राहिलं. ज्यांनी ‘वस्तू आणि तिचा कर’ अशी कायमची यादी करून कराचा खण त्या यादीवरून आपोआप भरायची सोय केली होती, त्यांच्याकडे जून आणि ऑक्टोबरची बिलं एकाच वर्षाच्या तक्त्यात येतात आणि निंबोळी अर्काच्या एका तरी नोंदीत कर चुकतो. टक्का वस्तूवर जेवढा अवलंबून आहे, तेवढाच बिलाच्या तारखेवरही आहे. आपल्या ओळीत 504 भागिले 450 म्हणजे 1.12. यादी काहीही म्हणो, त्या दिवशी त्या बाटलीवर किती कर घेतला गेला हे या रकमेतच लिहिलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप कामाच्या वेळेचा येतो. जूनमध्ये बिलांचा ढीग पडलेला असताना जी रक्कम संगणक क्षणात काढतो ती टाइप का करायची? आक्षेप प्रामाणिक आहे आणि वेळ जातो हे खरं आहे. पण सूत्राने काढलेली रक्कम नग, दर आणि कर यांच्याबद्दल नवीन काहीच सांगत नाही. नग 4 ऐवजी 40 पडले तर रक्कमही दहापट होते आणि ओळ आतल्या आत जुळलेलीच राहते. चार खणांतली चूक पाचव्यात निमूटपणे उतरते. टाइप केलेली रक्कम दुकानदाराच्या बिलिंगमधून स्वतंत्रपणे आलेली असते. आपला हात चुकला तरी ती चुकत नाही. तिला मोडीत काढून तिच्या जागी आपलाच आकडा बसवला, तर तपासायला काहीच उरत नाही. सूत्र हवंच असेल तर ते सातव्या खणात फरक काढण्यासाठी असावं.

```
=ROUND(B2*C2*(1+D2/100),2)-E2
```

हा फरक नेहमी शून्यच येईल असं नाही, आणि त्यावरून दुसरा आक्षेप निघतो की पैशापैशासाठी ओळी लाल दाखवून काय साधणार. याचं उत्तर फरक कुठून येतो हे समजण्यात आहे. युरियाचा करविरहित दर खरं तर 253.8095 आणि पुढे असा लांबत जातो. आपण तो 253.81 केला. 5 बॅगांना फरक दिसत नाही. 200 बॅगांची ओळ असेल तर सूत्र 53300.10 म्हणतं आणि बिल 53300.00. दहा पैसे आले ते फक्त दर पैशापर्यंत आणल्यामुळे. एका नगाच्या दरात जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची खोट येऊ शकते, म्हणून चालण्याजोगा फरक नगांच्या हिशेबात ठरवावा. नग गुणिले अर्धा पैसा आणि त्यावर कर, यापेक्षा मोठा फरक दिसला तरच थांबावं. 200 बॅगांना ही मर्यादा साधारण एक रुपया येते, 5 बॅगांना तीन पैशांच्या आत. सरसकट ‘एक रुपयापर्यंत चालेल’ असा नियम केला तर लहान ओळींतल्या खऱ्या चुका सुटतात आणि सरसकट शून्य मागितलं तर माणूस कंटाळून तपासणीच बंद करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: दुकानदाराचीच रक्कम चुकलेली असेल तर? हाताने टाइप केलेल्या बिलात असं होतं. 4 बॅग, 1400, 5 टक्के, आणि पुढे 5800. भागाकार येतो 1.0357. असा कराचा टप्पा नाही. तेव्हा 5880 करून टाकण्याचा मोह होतो, पण तसं करू नये. एक तर चूक रकमेत आहे की दरात, हे आपल्याला माहीत नाही. व्यापाऱ्याने तोंडी सूट दिली असेल आणि दर तसाच राहिला असेल. कधी बिलात ‘सूट 5%’ आणि ‘कर 5%’ दोन्ही असतात. मग भागाकार 0.9975 येतो, आणि हा आकडा ओळखीचा झाला की सूट विसरली गेली हे लगेच कळतं. दुसरं असं की पैसे बिलावरच्या रकमेप्रमाणे दिले जातात आणि चूक दुरुस्त करायचा हक्क माल विकणाऱ्याचा आहे. कायद्यात त्यासाठी क्रेडिट नोट आणि डेबिट नोट यांची सोय आहे. नोंद करणाऱ्याने 5800 लिहावं, शेऱ्यात न जुळल्याचं लिहावं आणि दुकानात फोन करावा. ही पद्धत दुकानदाराची रक्कम खरी मानत नाही. न जुळलेली ओळ दिसती ठेवते.

या भागाकाराच्याही मर्यादा आहेत. गुणाकाराला क्रम कळत नाही. पिवळे चिकट सापळे 20 नग आणि दर 12 रुपये, हे कुणी 12 नग आणि दर 20 असं टाकलं, तर कर कितीही असो, रक्कम तीच येते आणि सगळं जुळतं. खताच्या बॅगेत असं सहसा होत नाही, कारण 1400 बॅगा कुणी चार रुपयांनी घेत नाही; स्वस्त, लहान वस्तूंत होतं. तिथे फक्त आकड्याला लागून असलेला ‘नग’ हा शब्दच आधार देतो, म्हणून ओळ तोडताना तो शब्द टाकून देऊ नये. जीएसटीच्या नियमांतही प्रमाणासोबत एकक किंवा त्याचा ठरलेला कोड बिलावर असणं अपेक्षित आहे. तसंच, नग 1 असला की दर कळतो, पण नगांबद्दल भागाकार फारसं काही सिद्ध करत नाही. आणि ‘किलो’ची अडचण अशी. ‘सोयाबीन बियाणे जेएस 335 30 किलो 4 बॅग 80 0% 9600’ ही ओळ घ्या. 9600 भागिले 4 गुणिले 80 म्हणजे 30. हा 30 कुठलाही कर नाही. तो बॅगेचं वजन आहे. दर किलोचा आहे, नग बॅगांचे आहेत. अशा वेळी नग 120 किलो आणि दर 80 लिहावा, किंवा 4 बॅगा आणि दर 2400. मात्र साठ्याच्या नोंदीत बॅगा मोजत असतील तर दुसरं. दोन्हींची सरमिसळ झाली की वर्षअखेर साठा जुळत नाही.

ओळीओळीची तपासणी करून जे सापडत नाही ते म्हणजे नसलेली ओळ. निंबोळी अर्काचं नाव लांब असल्यामुळे बिलात ते दोन ओळींत तुटलं, वरच्या तुकड्याला रक्कम नाही म्हणून तो गळला आणि खालच्या तुकड्याला नाव नाही म्हणून तोही गळला, असं होतं. उरलेल्या सगळ्या ओळी जुळत असतात. त्यासाठी बिलाची खालची एकूण रक्कम लागते. आपल्या पाच ओळींची बेरीज 13924.90 येते आणि बिलावर 13925 असतं. मधले दहा पैसे ‘राउंड ऑफ’चे. ते वस्तूच्या ओळींत घालायचे नसतात, बिलाच्या पातळीवर वेगळे ठेवायचे असतात, नाहीतर 0.10 रुपये किमतीची, नाव नसलेली एक वस्तू तक्त्यात जन्माला येते आणि तिच्यापुढे कराचा खण काय भरायचा हे कुणालाच सांगता येत नाही. बेरीज आणि बिल यांच्यातला फरक राउंड ऑफपेक्षा मोठा निघाला, तर तो फरक कुठल्या ओळीच्या रकमेइतका आहे ते आधी पाहावं. फरक 504 रुपये दहा पैसे असेल तर निंबोळी अर्क गळला, आणि 5406 रुपये दहा पैसे असेल तर कपाशीची पाकिटं.